खात्यातून पैसे गेले: १९३०, बँक आणि कोर्टाकडे काय घेऊन जायचं

प्रश्न: माझे बाबा राजापूर तालुक्यात राहतात, मी डोंबिवलीला. काल शनिवारी संध्याकाळी त्यांच्या व्हॉट्सॲपवर आंब्याच्या टेम्पोचं चलन म्हणून एक फाईल आली. त्यांनी ती उघडली आणि दहा मिनिटांत खात्यातून तीन वेळा मिळून १,०२,९९९ रुपये गेले. बँक आज बंद. पोलीस दूरक्षेत्रात म्हणाले तालुक्याला जा. चुलतभाऊ म्हणतो फोन रिसेट मार. पैसे परत मिळतील का? आधी काय करू?

उत्तर:

अजून सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला नसेल तर तो आधी करा, पुढचं नंतर वाचा. रविवारीही तो नंबर चालू असतो. तक्रार बाबांच्या नावाने होईल, पण फोन तुम्ही डोंबिवलीहून केलात तरी चालेल. गावात रेंजसाठी सड्यावर जावं लागत असेल, तर त्यांना तिकडे पाठवण्यात वेळ घालवू नका.

मी रत्नागिरी जिल्ह्यात वकिली करतो आणि अशा फसवणुकीत अडकलेले पैसे कोर्टातून सोडवण्याचे अर्ज माझ्याकडे सतत येतात. त्यातून एक गोष्ट पक्की सांगतो. पैसे परत येण्याच्या वाटा दोन आहेत. चोराच्या खात्यात शिल्लक असलेली रक्कम अडवून ती कोर्टामार्फत परत घेणं ही पहिली. व्यवहार तुमच्या परवानगीशिवाय झाला म्हणून स्वतःच्या बँकेकडून भरपाई मागणं ही दुसरी. दोन्हींची मुदत वेगळी, कागद वेगळे. बहुतेक लोक १९३० ला फोन करून थांबतात आणि दुसऱ्या वाटेची मुदत हातातून जाते.

१९३० वर नोंद करताना हाताशी काय हवं ते सांगतो. बाबांचा खाते क्रमांक, बँक आणि शाखा, आणि तिन्ही व्यवहारांची रक्कम, वेळ आणि संदर्भ क्रमांक. युपीआय आणि आयएमपीएसमध्ये हा क्रमांक १२ आकडी असतो, बँकेच्या एसएमएसमध्ये तो यूटीआर किंवा रेफरन्स नंबर म्हणून येतो. त्यावरूनच पैसे पुढे कोणत्या खात्यात गेले हे शोधलं जातं. तीन व्यवहार असतील तर तिन्ही वेगवेगळे नोंदवून घ्या. ‘एकूण एक लाख गेले’ एवढंच लिहिलं गेलं तर मागे लागायला हातात काही उरत नाही. चोराचं ॲप अनेकदा एसएमएस लपवतं किंवा पुसतं, त्यामुळे फोनमध्ये ते दिसणार नाहीत. मग बँकेच्या ग्राहक सेवेला फोन करून तिन्ही क्रमांक विचारून घ्या. ग्राहक सेवेचा नंबर पासबुकवरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्या. गुगलवर शोधून मिळालेला नंबर लावू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात.

१९३० वर नोंद झाली की ती बाबांच्या बँकेकडे आणि ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे एकाच यंत्रणेतून जाते. त्या खात्यात रक्कम असेल तर ती बँक तिच्यावर होल्ड लावते. पुढे सरकली असेल तर कुठे गेली ते नोंदवते आणि पुढच्या बँकेला कळतं. असं एकेक खातं मागे लागत जातं. चोर मात्र तेवढ्यात रक्कम फोडून चारपाच खात्यांत टाकतो आणि एटीएममधून काढायला लागतो. म्हणून इथे तासांचा हिशोब असतो. तुमचे पैसे काल संध्याकाळी गेलेत, काही रक्कम हातची गेली असण्याची शक्यता आहे. तरीही फोन करा, कारण शनिवारी रात्री सगळंच काढून घेता आलं असेल असं नाही.

तक्रार क्रमांक मिळेल, तो लिहून ठेवा. मग २४ तासांच्या आत cybercrime.gov.in या पोर्टलवर जाऊन सविस्तर तक्रार पूर्ण करा आणि तिची प्रत उतरवून घ्या. १९३० लागतच नसेल तर थेट पोर्टलवरच आर्थिक फसवणुकीची तक्रार भरा.

हे चालू असताना घरातल्या दुसऱ्या कुणी दार बंद करायचं काम करावं. बँकेच्या ग्राहक सेवेला सांगा की मोबाईल बँकिंग, नेट बँकिंग, युपीआय आणि कार्ड चारही बंद करा, आणि खात्यातून पैसे बाहेर जाणं थांबवा. नुसतं कार्ड बंद केल्याने युपीआय थांबत नाही, ही गफलत फार होते. त्याच मोबाईल नंबरला बाबांचं दुसरं खातं जोडलेलं असेल, मग ते पतसंस्थेचं असो की जिल्हा बँकेचं, तर तेही आजच बंद करवा. प्रत्येक फोनला तक्रार क्रमांक मागा आणि वेळ लिहून ठेवा. या वेळेचं महत्त्व पुढे कळेल.

आता तो फोन. अशा चलनाच्या फाईलच्या नावाच्या शेवटी .apk असतं. ती कागदाची फाईल नसते, ते ॲप असतं. उघडल्यावर ते एसएमएस वाचण्याची परवानगी मागतं आणि मिळाली की बँकेचे ओटीपी थेट चोराकडे पाठवत राहतं. म्हणून फोन आधी विमान मोडवर टाका, वायफायही बंद करा आणि सिम काढून घ्या. घरात जुना बटणाचा फोन असेल तर सिम त्यात घाला. त्यात असली ॲप चालत नाहीत आणि बाबांना बँकेचे मेसेज मिळत राहतील. सिम बदललं तरी एक भोक उरतं. चोराने कॉल फॉरवर्डिंग लावलं असेल तर ते सिममध्ये नसतं, कंपनीच्या नेटवर्कवर असतं, त्यामुळे ओटीपीचा आवाजी कॉल अजूनही त्याच्याकडे जाईल. बटणाच्या फोनवरून हा क्रमांक लावला की सगळी फॉरवर्डिंग रद्द होतात:

```
##002#
```

चुलतभावाला सांगा, फोन रिसेट करायचा नाही. ते ॲप काढूनही टाकायचं नाही. तुमच्या बाबांनी ओटीपी कुणाला सांगितला नाही, तो त्यांच्या नकळत चोरला गेला, हे दाखवणारा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे ते ॲप आणि त्याला मिळालेल्या परवानग्या. रिसेट केला की बँक सहज म्हणेल, ‘ग्राहकानेच ओटीपी दिला असेल’, आणि उलट दाखवायला तुमच्याकडे काही नसेल.

विमान मोडचा आणखी एक फायदा आहे. मेसेज पाठवणारा तो आपल्या बाजूने पुसू शकतो, पण पुसल्याची सूचना फोनला इंटरनेट मिळाल्यावरच पोचते. तेव्हा फोन विमान मोडवर असतानाच दुसऱ्या फोनने त्याच्या पडद्याचे फोटो काढा. ज्या नंबरवरून फाईल आली तो पूर्ण नंबर दिसला पाहिजे. ओळखीच्या माणसाच्या नावाने आली असेल तर नुसतं सेव्ह केलेलं नाव पुरत नाही, प्रोफाइल उघडून नंबरचा फोटो घ्या. ती फाईल बहुधा त्या माणसाचं व्हॉट्सॲप आधीच चोरलं गेल्यामुळे आलेली असते, त्यालाही कळवा. मग मेसेजची तारीख, वेळ आणि फाईलचं पूर्ण नाव. मग डाउनलोडमध्ये पडलेली फाईल. मग सेटिंग्जमध्ये जाऊन त्या ॲपचं पान आणि त्याला एसएमएस, फोन, सूचना, अ‍ॅक्सेसिबिलिटी यांतली कोणती परवानगी आहे ते. शेवटी बँकेचे एसएमएस आणि कॉलची यादी. फाईल कुणाला ‘बघ जरा’ म्हणून पुढे पाठवू नका.

व्हॉट्सॲपचं एक लक्षात ठेवा. बाबांचा नंबर तुम्ही दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲपला लावलात की जुन्या फोनवरचं बंद पडतं आणि तिथली चॅट उघडता येत नाही. म्हणून आधी फोटो, मग व्हॉट्सॲप हलवणं. पण ते फार लांबवूही नका, नाहीतर बाबांच्या नावाने तीच फाईल अख्ख्या वाडीला जाईल.

फोटोंचा प्रिंट कोर्टात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं. त्याचा ठरलेला नमुना आहे, वकील किंवा तपास अधिकारी भरून घेतात. आज त्याची चिंता नको. मूळ फोन जसाच्या तसा राहिला आणि ज्या फोनने फोटो काढले त्यातही ते जपले, की हे नंतर नीट होतं.

आता दुसरी वाट, म्हणजे तुमची स्वतःची बँक. २०१७ साली रिझर्व्ह बँकेने याचा नियम घालून दिला आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्यानेच घुसखोरी केली आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर ग्राहकावर काहीच बोजा येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा बोजा येतो. सात दिवसांपलीकडे बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सगळं अवलंबून. हे दिवस बाबांच्या शाखेच्या कामकाजाचे मोजायचे आणि ज्या दिवशी बँकेची सूचना आली तो दिवस सोडायचा. तुमच्या बाबतीत शनिवार सुटला, रविवार बंद, म्हणजे बुधवारपर्यंत तीन दिवस होतात. तरी बुधवारची वाट बघू नका, उद्या शाखा उघडायच्या वेळी बाबांना दारात उभं करा. सहकारी बँकांनाही असाच नियम त्याच वर्षी लागू झाला, त्यामुळे ‘आम्ही को-ऑपरेटिव्ह, आम्हाला हे नाही’ असं कुणी म्हटलं तर ऐकून परत येऊ नका.

शाखेत तोंडी सांगून काही होत नाही. दोन प्रतींत अर्ज द्या, एकीवर पोच म्हणून शिक्का, सही, तारीख आणि वेळ घ्या. सोबत शिक्क्याचा खातेउतारा मागा. अर्जात सरळ लिहा: ‘खालील तीन व्यवहार मी केलेले नाहीत आणि त्यांना माझी परवानगी नव्हती. मी ओटीपी, पिन किंवा पासवर्ड कुणालाही सांगितलेला नाही. ग्राहक सेवेला अमुक वेळी कळवलं, तक्रार क्रमांक अमुक, १९३० चा तक्रार क्रमांक अमुक. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी.’ ही तात्पुरती जमा नियमातच आहे आणि तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा असतो. पुढे आणखी मागणी करा: हे व्यवहार कोणत्या मार्गाने झाले, कोणत्या उपकरणावरून आणि कोणत्या आयपी पत्त्यावरून, नवीन उपकरण खात्याला केव्हा जोडलं गेलं, आणि प्रत्येक सूचनेचा एसएमएस किती वाजता सुटला. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर असते आणि या नोंदी फक्त तिच्याकडे असतात. संध्याकाळपर्यंत राजापुरात चालणारं खातं अचानक दुसऱ्याच उपकरणावरून उघडलं, हे त्यातच दिसतं.

अर्ज लिहिण्याआधी बाबांना शांतपणे एक प्रश्न विचारा, रागावू नका. फाईल उघडल्यावर कुठल्या पानावर त्यांनी कार्ड नंबर किंवा युपीआय पिन टाकला का? काही चलनाच्या ॲपमध्ये ‘एक रुपया भरा’ असं पान येतं आणि तिथे पिन टाकला जातो. टाकला असेल तर वरच्या नमुन्यातलं ‘सांगितलेला नाही’ हे वाक्य गाळा आणि जे झालं तेच लिहा. पिन दिल्याला बँक ग्राहकाचा निष्काळजीपणा धरते आणि तक्रार करण्याआधीचं नुकसान ग्राहकाच्या अंगावर टाकते. ते लपवलं आणि नोंदींत सापडलं तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मात्र कळवल्यानंतर जे गेलं ते काहीही झालं तरी बँकेचं. म्हणून त्या फोनच्या वेळा लिहायला सांगितल्या.

नुसतं ॲप घेतलं, पिन-ओटीपी दिला नाही, तर बाजू बरीच भक्कम आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. फसवणाऱ्याच्या सांगण्यावरून ग्राहकाने एक ॲप घेतलं आणि ९४,२०४ रुपये ८० पैसे गेले. त्याने २४ तासांत बँकेला कळवलं होतं. स्टेट बँकेला ती रक्कम देण्याचा खालचा निकाल न्यायालयाने कायम ठेवला. शाखाधिकाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा हा निकाल अर्जात एका ओळीत लिहा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकीलही लागत नाही. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार झालेली असली पाहिजे, नाहीतर लोकपाल दारातूनच परत पाठवतो.

दूरक्षेत्रातून तालुक्याला पाठवलं यामागे एक कारण आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. तपास तिथे होणार म्हणून तक्रारच घ्यायची नाही, असं मात्र नाही. हद्दीचं कारण असेल तर कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. राजापूर पोलीस ठाण्यात किंवा रत्नागिरीच्या सायबर पोलीस ठाण्यात जा, सोबत १९३० चा क्रमांक, फोटोंचे प्रिंट, खातेउतारा आणि तो फोन न्या. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे, हे विसरू नका. होल्ड त्या तक्रारीवर लागतो, पण कोर्टातून पैसे सोडवताना आणि बँकेशी भांडताना एफआयआरची प्रत कामाला येते, आणि ती फुकट मिळते. नाहीच घेतली तर तक्रार लेखी स्वरूपात जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा.

होल्ड लागला की पैसे आपोआप परत येतात असा समज आहे, तो खरा नाही. देवगडच्या एका बागायतदाराचं प्रकरण सांगतो, म्हणजे पुढचं चित्र कळेल. त्याचे दोन व्यवहारांत १,४०,००० रुपये गेले, एक ९०,००० चा खात्यात आणि दुसरा ५०,००० चा एका ऑनलाइन दुकानात. त्याने तासाभरात १९३० ला सांगितलं. दुकानातल्या ५०,००० चं सामान अजून निघालं नव्हतं. ऑर्डर रद्द झाली आणि रक्कम कोर्टाशिवाय थेट त्याच्या खात्यात परत आली. तुमचा एखादा व्यवहार वॉलेट किंवा दुकानाच्या नावाने दिसत असेल तर म्हणूनच त्या कंपनीच्या तक्रार विभागालाही आजच लिहा, यूटीआर आणि १९३० चा क्रमांक टाकून.

उरलेल्या ९०,००० पैकी ३०,००० एटीएममधून निघाले होते, ८,००० आणखी पुढे गेले आणि दुसऱ्या खात्यात ५२,००० सापडले. त्यावर होल्ड लागला. पैसे दिसत होते, पण हातात येत नव्हते. त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज केला. आमच्याकडे त्याला मुद्देमाल अर्जच म्हणतात. सोबत त्याचा खातेउतारा, यूटीआरची यादी, तक्रारीची प्रत आणि कोणत्या बँकेत, कोणत्या खात्यात, किती होल्ड आहे याचा पोलिसांचा अहवाल. कोर्टाने पोलिसांचं म्हणणं मागवलं, बंधपत्र घेतलं आणि आदेश दिला. तो आदेश बँकेला पोचल्यावर ५२,००० त्याच्या खात्यात आले. उरलेले ३८,००० गेले ते गेले. त्याने पिन टाकला होता, त्यामुळे बँकेनेही ते दिले नाहीत.

या टप्प्यावर दोन ठिकाणी काम अडतं. होल्ड लागलेल्या खात्यात कधी कधी आणखी चार जणांचे पैसे असतात आणि सगळेच त्यावर हक्क सांगतात. मग यूटीआरपासून त्या खात्यापर्यंतची साखळी ज्याची स्पष्ट, त्याची बाजू भक्कम. दुसरं, अहवालात खाते क्रमांक किंवा रक्कम चुकली तर बँक आदेश परत पाठवते आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. अर्जात आकडा घालण्याआधी पोलिसांच्या अहवालाशी एकेक अंक ताडून बघा. पोर्टलवर तुमच्या तक्रारीची स्थिती दिसते, होल्डची रक्कम कळली की लगेच तपास अधिकाऱ्याकडे अहवाल मागा. स्वतःहून कुणी बोलावणार नाही.

येत्या काही दिवसांत बाबांना फोन येईल. ‘सायबर विभागातून बोलतो, तुमचे पैसे सापडले, सोडवायला प्रक्रिया शुल्क भरा’ किंवा ‘हे ॲप टाका’. फसलेल्यांच्या याद्या याच लोकांत फिरतात. १९३०, पोर्टल आणि लोकपाल यांपैकी कुणीही पैसे सोडवायला पैसे घेत नाही, आणि होल्डची रक्कम सोडण्यासाठी कुणाला ओटीपी लागत नाही. घरातल्या सगळ्यांना हे आजच सांगून ठेवा, कारण दुसऱ्यांदा गेलेल्या पैशात पिन ग्राहकानेच टाकलेला असतो.

आणि फोन रिसेट करायचाच असेल तर पोलिसांनी त्याचा पंचनामा केल्यावर किंवा गरज नाही असं लेखी दिल्यावर करा. तोवर चार्ज करून, विमान मोडवर, सिमशिवाय कपाटात ठेवा. रिसेटनंतर जुन्या बॅकअपमधून ॲप परत आणू नका, फक्त नंबर आणि फोटो आणा. बँकेचं ॲप नव्याने घ्या आणि नवा पिन टाका. सिम त्या फोनमध्ये गेल्यावर बँकेला लेखी कळवून एकेक सेवा चालू करवा, पहिली कार्डाची. युपीआय सगळ्यात शेवटी, आणि तेही बाबांना खरोखर हवं असेल तरच, दिवसाची मर्यादा कमी ठेवून.